पाच वाट्यांची चौकशी

कॉफीची चव तपासणं हाच ज्यांचा व्यवसाय, ते एका नमुन्याचा एकच कप कधी करत नाहीत, पाच करतात. प्रयोगशाळा बंगळुरूची असो की ब्राझीलमधल्या एखाद्या निर्यातदाराची, पद्धत साधारण सारखीच. पाच वाट्या ओळीने मांडायच्या. प्रत्येकीसाठी ८.२५ ग्रॅम भाजलेले दाणे वेगळे मोजायचे, वेगळे दळायचे आणि त्यावर १५० मिलिलिटर पाणी ओतायचं, उकळीच्या किंचित खालचं. चार मिनिटांनी वर तरंगणाऱ्या चोथ्याचा थर चमच्याने मोडायचा आणि त्याच क्षणी नाक वाटीवर न्यायचं. थोडं निवलं की चमच्याने मोठा भुरका. या सगळ्याला धंद्यात ‘कपिंग’ म्हणतात, आणि इथे भुरक्याचा आवाज जितका असभ्य तितकी चव जिभेवर आणि नाकात नीट पसरते.

सगळे दाणे एकदम दळून पाच वाट्यांत वाटले तर वेळ वाचेल, पण तसं कुणी करत नाही. ८.२५ ग्रॅममध्ये साठेक दाणे येतात. त्यातला एक सडका निघाला तर तो फक्त त्याच वाटीत पडायला हवा. चौथ्या वाटीला घाण वास आणि बाकीच्या चार स्वच्छ, असं आढळलं तर दोष एखाद्या दाण्यात आहे. म्हणजे मळ्यात, तोडणीत किंवा फळावरच्या प्रक्रियेत काहीतरी चुकलेलं आहे. तीच वाईट चव पाचही वाट्यांत एकसारखी आली तर संशय सुट्या दाण्यावरून उठतो आणि संपूर्ण मालावर जे जे काही झालं त्याच्याकडे वळतो: भट्टी, गोदाम, पाणी. रवांडा आणि बुरुंडीमधल्या कॉफीत कधीकधी कच्च्या बटाट्याच्या सालीसारखा वास येतो. अँटेस्टिया नावाच्या ढेकणासारख्या किडीने फळ टोचलं की हा दोष संभवतो, आणि तो नेहमी असाच एखाद्या वाटीत सापडतो. शेजारची वाटी उत्तम असते.

आपल्याकडे घराघरांत होणारी कॉफी दुधात उकळलेली, भरपूर साखरेची, वरून जायफळ किसलेली. तिच्यात यातलं फारसं काही कळत नाही आणि कळायची गरजही नसते. जायफळ बरंच काही पोटात घालतं. पण गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत चिक्कमगळुरू किंवा कोडगूच्या मळ्याचं नाव छापलेली पाकिटं मिळू लागली, लोक बिनदुधाची कॉफी पिऊ लागले आणि मग तक्रारी सुरू झाल्या. महागाचं पाकीट, पण चव कागदासारखी. किंवा गवतासारखी. किंवा कुणीतरी कपात सिगारेट विझवल्यासारखी. या तक्रारी नुसत्या नावडीच्या नसतात. तपासनीस ज्या चवींचं वर्गीकरण वापरतात, त्या २०१६ साली नव्याने काढलेल्या चवचक्रात फुलं, फळं आणि चॉकलेट यांच्याच शेजारी आंबलेली, हिरवट, कागदी, राखट या चवींनाही स्वतंत्र जागा आहे. शिवाय यातली प्रत्येक चव कॉफीच्या प्रवासातल्या एखाद्या ठरावीक मुक्कामाकडे बोट दाखवते.

सगळ्यात आधी बिघडू शकतं ते फळ. कॉफीचा दाणा म्हणजे लालबुंद फळातली बी. बाहेर साल, तिच्याखाली चिकट गर, त्याखाली पार्चमेंट नावाचं टरफल आणि आत बहुधा दोन बिया. गरात साखर असते. साखर आणि ओल एकत्र आली की यीस्ट आणि जिवाणू कामाला लागतातच, त्यामुळे कॉफी आंबणं ही दुर्घटना नाही. कर्नाटकातल्या मळ्यांवर धुतलेली अरेबिका करताना ती मुद्दाम आंबवली जाते. पल्परमध्ये साल काढली की चिकट दाणे टाकीत टाकतात. चोवीस ते छत्तीस तासांत सूक्ष्मजीव तो चिकटपणा खाऊन टाकतात आणि मग दाणे स्वच्छ पाण्याने धुता येतात. थंड रात्री जास्त वेळ लागतो, उकाड्यात कमी. म्हणून घड्याळापेक्षा हाताचा भरवसा जास्त: मूठभर दाणे चोळून पाहायचे. बुळबुळीत लागले तर थांबायचं, खरखरीत लागले तर ताबडतोब धुवायचे.

हे ‘ताबडतोब’ चुकलं की गाडी घसरते. चिकटपणा संपल्यावरही दाणे टाकीत पडून राहिले तर आधी व्हिनेगरचा आंबटपणा येतो, मग कांद्यासारखा आणि शेवटी सरळ कुजका वास. टाकीवर अंधार पडला, मजूर घरी गेले, पाणी कमी पडलं, पंप बंद पडला. कारणं अशी साधी असतात. त्याहून बारीक आणि जास्त घातक कारण पल्परच्या पोटात असतं. आज संध्याकाळी यंत्र नीट धुतलं नाही, तर त्याच्या कोपऱ्यात अडकलेले दहा-वीस दाणे रात्रभर सडतात आणि उद्याच्या ताज्या मालात मिसळतात. त्यांनाच ‘स्टिंकर’ म्हणतात. बाहेरून ते कधीकधी इतर दाण्यांसारखेच दिसतात, म्हणून निवडणाऱ्या बायकांच्या नजरेतूनही सुटतात. भाजून, दळून त्यावर गरम पाणी पडलं की मात्र एकच दाणा अख्खी वाटी नासवतो. पाच वाट्यांची पद्धत खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

तोडलेली फळं पोत्यात बांधून रात्रभर ठेवली तरी हेच होतं. ढिगाच्या मध्यभागी उष्णता साठते आणि टाकीत जाण्याआधीच फळ आंबायला लागतं. त्यामुळे जबाबदार मळ्यांत दुपारपर्यंत तोडलेलं फळ त्याच दिवशी पल्परमध्ये जातं.

साल न काढता अख्खं फळ उन्हात वाळवायची दुसरी पद्धत आहे. आपल्याकडे तिच्या मालाला ‘चेरी’ कॉफी म्हणतात. इथे दाणा कितीतरी दिवस स्वतःच्याच गरात बसून असतो. थर तीनेक इंचांहून जाड झाला, वरचेवर उलथला गेला नाही, किंवा ऐन वाळवणात पाऊस आला, की खालचा थर कोंदतो आणि आंबतो, वर बुरशीही धरते. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. कोडगू, हासन, चिक्कमगळुरू या पट्ट्यात पूर्वी हे कोरडे दिवस मानले जात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र तिथे जोरदार पाऊस झाला. पिकलेली फळं झाडावरच फुटली, गळून पडली. ज्यांच्याकडे यंत्रावर वाळवायची सोय नव्हती, त्यांना ढगाळ हवेत ओल्या फळांचे ढीग सांभाळावे लागले. अशा हंगामातल्या मालात आंबूस चव शोधावी लागत नाही, ती समोर येऊन उभी राहते.

गंमत अशी, की हीच चव जरा आवरती घेतली तर तिला बक्षिसं मिळतात. २०१५ च्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या साशा शेस्टिक यांनी बंद टाकीत, कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात आंबवलेली कॉफी वापरून विजेतेपद मिळवलं. तेव्हापासून हवाबंद आंबवण्याचं वेड जगभर पसरलं, भारतीय मळ्यांतही आलं. अशा कॉफीला वाइनचा, पिकल्या केळ्याचा, कधी रमचा वास येतो. पाकिटावर तसं लिहिलेलं असेल आणि पाचही वाट्यांत तो वास सारखाच असेल, तर तो हेतू. एका वाटीत वाइन आणि दुसरीत व्हिनेगर असेल, तर भारीतलं नाव देऊन विकलेला अपघात. दोन्हींमधली रेषा फार जाड नाही, आणि काही विक्रेते तिचा फायदा घेतात हेही खरं.

घरी पिणाऱ्याची इथे एक गल्लत हमखास होते. कॉफी आंबट लागली की ती आंबलेली असं तो समजतो. पण नुसता लिंबासारखा तीक्ष्ण आंबटपणा, ज्याला कुजका किंवा दारूचा वास नाही, तो बहुतेकदा बनवण्यातल्या घाईचा असतो: दळण जाड, पाणी कोमट, वेळ कमी. दळण बारीक केलं की तो जातो. आंबलेल्या दाण्याचा वास दळण बदलून जात नाही, उलट वाढतो.

हिरवट चवीला दोन जन्मस्थानं असू शकतात आणि त्यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर असतं. पहिलं झाडावर. कॉफीच्या एकाच फांदीवर लाल, पिवळट आणि कडक हिरवी फळं एकाच वेळी असतात. नीट तोडणी म्हणजे त्याच झाडाकडे पुन्हापुन्हा येऊन फक्त लाल फळं वेचणं. मजूर मिळत नसले, पाऊस यायचा असला किंवा वजनावर मजुरी असली, की हात फांदीवरून सरळ ओढला जातो आणि हिरवी फळंही टोपलीत येतात. कच्च्या फळातल्या बीमध्ये साखर पुरेशी भरलेली नसते. असा दाणा भट्टीत इतरांसारखा तपकिरी होत नाही, शेंगदाण्याच्या रंगाचा फिकट राहतो. व्यवसायात त्याला ‘क्वेकर’ म्हणतात. कच्च्या मालात तो सहजी ओळखू येत नाही. भाजल्यावरच उघडा पडतो. चव कोरडी, शेंगेच्या टरफलासारखी, तोंड आवळणारी. उच्च दर्जाच्या कॉफीच्या तपासणीत म्हणूनच १०० ग्रॅम भाजलेल्या दाण्यांत एकही क्वेकर चालत नाही, असा कडक नियम ठेवला गेला.

दुसरं जन्मस्थान भट्टी. कच्च्या कॉफीचा दाणा हिरवा असतो आणि त्याला वाळलेल्या गवताचा, कच्च्या मटाराच्या शेंगेचा वास असतो. भाजताना आधी पाणी उडतं, मग रंग पिवळा होतो, मग तपकिरी, आणि २०० अंश सेल्सियसच्या आसपास दाणे लाह्यांसारखे तडतडतात. हा पहिला तडतडाट. हलकी भाजणी आवडणारे भाजणारे यानंतर लवकर भट्टी रिकामी करतात, कारण फळांचे, फुलांचे गंध तिथेच असतात. पण आच सुरुवातीला फार जोरात दिली तर बाहेरून दाणा तपकिरी दिसतो आणि आत कच्चा राहतो. मग कपात फुलांऐवजी गवत येतं. तपासायला यंत्र लागत नाही. भाजलेला दाणा दाताखाली घ्या: नीट भाजलेला कुरकुरीत तुटतो, कच्चा राहिलेला लवचीक, चिवट लागतो. शिवाय दळल्यावर भुकटीचा रंग अख्ख्या दाण्याच्या पृष्ठभागापेक्षा बराच फिकट दिसला, तर आच आत पोचलेली नाही.

क्वेकरचा हिरवटपणा एखाद्या वाटीत येतो, भट्टीचा पाचही वाट्यांत. चौकशीचा पहिला प्रश्न इथे लगेच उपयोगी पडतो.

कागदी चव मात्र लबाड आहे, कारण तिचा पहिला संशयित फारच निरुपद्रवी दिसतो. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्स या गृहिणीने मुलाच्या वहीतला टिपकागद छिद्रं पाडलेल्या भांड्यात ठेवून कॉफी गाळली आणि पेटंट घेतलं. कागदी गाळणीचा सगळा व्यापार त्यातून उभा राहिला. पण कागद हा शेवटी लाकडाचा लगदा. गरम पाणी त्यातून थोडी चव घेऊन उतरतं, तपकिरी, ब्लीच न केलेल्या कागदातून जरा जास्तच. खात्री करायची असेल तर कॉफी न घालता नुसत्या कागदातून गरम पाणी गाळायचं आणि ते कोमट झाल्यावर प्यायचं. ज्याने हे एकदा केलं तो पुढे कॉफी टाकण्याआधी कागद गरम पाण्याने धुऊन ते पाणी फेकतो. दक्षिणी स्टीलच्या फिल्टरमध्ये कागदच नसतो, त्यामुळे मद्रासी पद्धतीची कॉफी पिणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही.

कागद धुऊनही चव तशीच राहिली तर वय विचारायचं. इथे दोन वयं आहेत. एक भाजल्यापासूनचं. भाजलेल्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, तो आहे तोवर हवेला आत शिरायला फारशी जागा नसते. तो संपला की प्राणवायू दाण्यातल्या तेलाला गाठतो. दळलेल्या कॉफीत हे काही दिवसांत होतं, अख्ख्या दाण्यांत काही आठवड्यांत. आधी सुगंध जातो, मग पुठ्ठ्यासारखी चव येते आणि शेवटी तेल खवट होतं. पाकिटाच्या आत तेलकट, जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर हा मुक्काम पक्का.

दुसरं वय कच्च्या दाण्याचं, आणि ते पाकिटावर सहसा छापलेलं नसतं. पार्चमेंटमधली कॉफी साधारण १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवली की टिकते. पण बी ही जिवंत वस्तू आहे. महिने जातात तशी ती मरते, तिच्यातली चरबी आणि साखर बदलते, आंबटगोडपणा ओसरतो आणि मागे राहतं लाकूड, वाळका पेंढा, कागद, गोणपाट. दमट हवेत हे लवकर होतं. आपला हंगाम संपतो मार्चमध्ये आणि जूनमध्ये पश्चिम घाटावर पाऊस सुरू होतो, म्हणजे मालाला श्वास घ्यायला वेळच नाही. नुसत्या तागाच्या पोत्यात, गोदामाच्या ओल्या फरशीवर ठेवलेली कॉफी दाणा-दाणा करून पाणी ओढते. चांगले व्यापारी पोत्याच्या आत हवाबंद प्लास्टिकचं अस्तर घालतात आणि पोती लाकडी फळ्यांवर रचतात.

याच ओलीवर एक प्रतिष्ठित माल उभा आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरून युरोपला जाणारी कॉफी आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी पोचे. दमट खाऱ्या हवेत दाणे फुगत, फिके पडत, आंबटपणा हरवून बसत. तिकडच्या गिऱ्हाइकाला तीच चव कॉफीची वाटू लागली. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजं आली, माल ताजा पोचू लागला आणि गिऱ्हाईक नाराज. तेव्हा मंगळुरूच्या किनाऱ्यावर वाळलेल्या कॉफीचे थर उघड्या बाजूंच्या गोदामांत पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा खायला घालायची रीत निघाली. आजही जून ते सप्टेंबर ती चालते. दाणे पिवळसर सोनेरी होतात, दुप्पट मोठे दिसतात. ‘मॉन्सून्ड मलबार’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे. तिची मातकट, जाड, जवळजवळ आंबटपणा नसलेली चव काहींना प्राणप्रिय, तर हलक्या भाजणीच्या चाहत्यांना ती जुन्या कॉफीपेक्षा वेगळी वाटत नाही. फरक ठरवून केलेल्या कामाचा आहे: तिथे थर रोज उलथतात, बुरशी धरू देत नाहीत, शेवटी दाणे निवडतात. गोदामात विसरलेल्या पोत्यावर यातलं काहीच होत नाही.

राखट चवीबद्दल संशय घ्यायला फारशी माणसं नाहीत. भट्टीवाला जवळपास नेहमीच दोषी. पण त्याच्या चुका दोन प्रकारच्या. पहिली, आच. आधीच फार तापलेल्या ड्रममध्ये दाणे टाकले की ते लोखंडाला टेकतात तिथे करपतात: सपाट बाजूवर काळा डाग किंवा टोकाला जळका ठिपका. रंग एकूण मध्यमच असतो, तरी कपात करपट लागतं. त्याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे धूर. भाजताना दाण्यावरचा पातळ पापुद्रा सुटून उडतो. हवा नीट खेचली गेली नाही तर तो ड्रममध्येच जळतो आणि त्याचा धूर दाण्यांना लागतो.

दुसरी चूक नसते, निवड असते. पहिल्या तडतडाटानंतर भाजणं चालूच ठेवलं की २२५ अंशांच्या जवळपास दुसरा तडतडाट होतो, दाण्यावर तेल चमकू लागतं. कॉफीतल्या क्लोरोजेनिक आम्लांपासून मध्यम भाजणीत एक प्रकारचं सौम्य कडूपण देणारी लॅक्टोन तयार होतात. आणखी भाजलं की तीच मोडून फेनिलइंडेन नावाची रसायनं बनतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या थॉमस हॉफमान यांच्या गटाने २००७ मध्ये हे दाखवलं. घशाशी रेंगाळणारं, खरखरीत कडूपण ते हेच. त्यात ग्वायाकॉलसारख्या धुरकट द्रव्यांची भर पडली की जिभेवर राख. गडद भाजणीचा व्यापारी फायदा असा, की आंबूस, कागदी, हिरवट असे आधीचे सगळे दोष तिच्याखाली झाकले जातात. स्वस्त मिश्रणं काळीकुट्ट का असतात, याचं हे एक कारण.

भारतात मात्र राखट चवीचा दोष देण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचावी. फिल्टर कॉफीच्या पावडरीत चिकोरी असते, म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ, ज्यात कॅफीन नाही. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी वजनाने किमान ५१ टक्के हवी आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. म्हणजे जवळजवळ अर्धी चिकोरीही चालते. तिची चव जळक्या साखरेसारखी, दाट, कडवट गोड. दुधात ती छान उतरते. काळी प्यायली की अनोळखी माणसाला करपल्यासारखी लागते. तिथे भट्टीवाला निर्दोष आहे. तसंच सकाळचं डिकॉक्शन दुपारपर्यंत मंद आचेवर ठेवलं तर त्यालाही जळका कडूपणा येतो, त्याचाही दोष दाण्यावर घालू नये.

आता हे सगळं एका घरात आणून पाहू. समजा, पुण्यातल्या कुणीतरी मळ्याच्या नावाची, मध्यम-हलक्या भाजणीची २५० ग्रॅम कॉफी आणली. कागदी गाळणीतून बनवली. चव कोरडी, कागदासारखी, मागे थोडं टरफल. पहिलं काम: नुसत्या कागदातून गाळलेलं पाणी चाखणं. त्यात कागद लागतो. मग कागद धुऊन पुन्हा कॉफी. चव सुधारते, पण टरफल उरतंच. दुसरं काम: कागद बाजूला ठेवून पाच स्टीलच्या वाट्या. प्रत्येकीत ११ ग्रॅम दाणे, वेगवेगळे दळलेले, २०० मिलिलिटर पाणी; प्रमाण तपासनिसांचंच. चार वाट्या गोडसर, एकीत शेंगदाण्याचं टरफल. म्हणजे गोदाम सुटलं, भट्टी सुटली, पाणीही सुटलं, कारण ते सगळ्या वाट्यांत सारखं आहे.

तिसरं काम: मूठभर दाणे पांढऱ्या ताटात पसरायचे. दिवसाच्या उजेडात चार-पाच फिके, पिवळसर तपकिरी दाणे नजरेत भरतात. ते वेचून वेगळे चाखले तर तीच कोरडी चव, एकाग्र होऊन. उरलेल्या दाण्यांची कॉफी स्वच्छ. निकाल लागला: एक दोष स्वयंपाकघरातला, कागद न धुतल्याचा, आणि एक कुठल्यातरी डोंगरउतारावर हिरव्या फळांसकट फांदी ओढल्याचा. पाचही वाट्यांत गवत लागलं असतं, तर दाणा चावून पाहिला असता. पाचही कोरड्या, लाकडासारख्या लागल्या असत्या, तर पाकिटाची तारीख पाहिली असती.

फिके दाणे वेचणं अर्थातच पाच मिनिटांचं कंटाळवाणं काम आहे, आणि पाकिटात ते खूप असतील तर ते काम विकणाऱ्याने करायला हवं होतं. बरेच भाजणारे भट्टीतून काढल्यावर ते हाताने किंवा रंग ओळखणाऱ्या यंत्राने काढून टाकतात. स्टिंकरच्या बाबतीत घरच्या माणसाला काहीच करता येत नाही. तो दिसत नाही. दळताना अचानक कुजका भपकारा आला तर तेवढं दळण टाकून द्यायचं आणि दळणयंत्रातून थोडे चांगले दाणे दळून ते साफ करायचं, इतकंच.

वाट्या मांडूनही एका गोष्टीचा छडा घरी नीट लागत नाही. पाकिटावर भाजणीची तारीख असते, तोडणीचा हंगाम क्वचितच. १ ऑक्टोबरला भाजलेली कॉफी त्याच वर्षीच्या जानेवारीतली असू शकते किंवा त्याआधीच्या जानेवारीतली. दोन्ही पाकिटं सारखीच ताजी दिसतात. दुसरीत कागद आणि पेंढा लागण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणून दुकानात विचारायचंच असेल तर ‘ताजी आहे का’ असं विचारून उपयोग नाही, त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. कोणत्या हंगामातलं पीक आहे, हे विचारावं.